बाद केलेल्या अर्जांत कामाचे किती गेले, हे मोजायचं कसं?

शेवंती_फोंडा

नमस्कार मंडळी. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत एचआरमध्ये आहे. मागच्या भरतीत क्यूसी लॅबसाठी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबसाठी, ८ केमिस्ट हवे होते आणि ६४० अर्ज आले. पोर्टलवर चार अटींची चाळणी लावली होती: रसायनशास्त्राची पदवी, किमान २ वर्षं अनुभव, बायोडाटात `HPLC` या लॅबमधल्या तपासणी यंत्राचं नाव आणि गोव्याचा पत्ता, म्हणजे ४०३ ने सुरू होणारा पिनकोड. त्यातून ६० अर्ज लॅबच्या प्रमुख बाईंकडे गेले. त्यांनी वाचून ४० जण बोलावण्यासारखे ठरवले. मुलाखती झाल्या, काहींनी ऑफर नाकारली, काही जण नोटीस पिरियडमध्येच दुसरीकडे गेले. शेवटी ४ जागा भरल्या आणि ४ अजून रिकाम्या आहेत.

साहेब म्हणतात, "चांगले अर्जच येत नाहीत, पुन्हा जाहिरात द्या." मला वाटतं, चांगले अर्ज आले होते आणि आपण ते वाचलेच नाहीत. ५८० बायोडाटे अजून पोर्टलवर आहेत. सगळे वाचायला लॅबमधून कोणी मिळणार नाही, फार तर दोन दुपारी मिळतील. तेवढ्यात या ५८०मध्ये कामाचे किती होते, याचा भरवशाचा अंदाज काढता येईल का? आणि कसा?

डिचोलीकर

ताई, माझा मुलगा एम.एस्सी. आहे. गेल्या वर्षभरात त्याने कितीतरी ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून साधा नकारसुद्धा आला नाही. बायोडाटा नेमका कसा लिहावा म्हणजे चाळणीतून सुटेल, हे कोणी सांगेल का?

शेवंती_फोंडा

काका, त्यावर मी तुम्हाला व्यनि करते. या धाग्याचा प्रश्न उलट बाजूचा आहे. चाळणी लावणाऱ्याला आपली चूक कशी कळावी, हे मला शोधायचंय.

पिंपळकट्टा

सोपं आहे. अगदी थोडक्यात हुकलेले काढा. दीड-पावणेदोन वर्षं अनुभववाले, किंवा ज्यांची एकच अट चुकली असे. त्यातले ५० वाचा. कामाचे असतील ते तिथेच सापडतील, बाकीच्यांवर वेळ कशाला घालवायचा?

आकडेमोड

पिंपळकट्टा, माणसं शोधायची असतील तर तुमचा मार्ग बरोबर आहे. पण शेवंतीताईंना मोजायचं आहे, आणि मोजण्यासाठी तो चालणार नाही. काठावरच्या ५०मध्ये १५ चांगले निघाले, तर त्यावरून ५८०बद्दल काय म्हणणार? काहीच नाही. ते ५० आपण आधीच चांगले असण्याची शक्यता बघून निवडलेत.

दुसरं म्हणजे काठावर कोण आहे हे चाळणीच ठरवते. समजा एखाद्याचा बायोडाटा कागद स्कॅन करून चढवलेला आहे. पोर्टलला त्यात एकही अक्षर वाचता येत नाही. त्याच्या नावापुढे पदवी नाही, अनुभव शून्य, सगळं कोरं दिसेल. चाळणीच्या हिशेबात तो काठापासून सर्वांत लांबचा. प्रत्यक्षात तो पाच वर्षांचा अनुभवी असू शकतो. तुमच्या ५०मध्ये तो कधीच येणार नाही.

म्हणून ५८०मधून डोळे मिटून उचलायचे. यादी एक्सेलमध्ये घ्या, शेजारच्या रकान्यात हे सूत्र खालपर्यंत ओढा:

```
=RAND()
```

मग तो रकाना कॉपी करून फक्त किंमती पेस्ट करा, नाहीतर प्रत्येक क्लिकला आकडे बदलत राहतील आणि कोणता नमुना घेतला होता हे पुन्हा दाखवता येणार नाही. त्या आकड्यांवर यादी लावा आणि वरचे ८० घ्या. यादीतले पहिले ८० तसेच उचलू नका. पहिल्या दिवशी अर्ज करणारे आणि शेवटच्या दिवशी करणारे वेगळे असतात.

म्हापशाची_मिरची

८० का? ३० पुरे नाहीत का? आणि वाचणाऱ्या बाईंना माहीत असणार ना की हे सगळे बाद झालेले आहेत. मग त्या वाचतानाच नाक मुरडणार.

आकडेमोड

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, आधी तोच घेतो. बाद म्हणून समोर ठेवलेला बायोडाटा माणूस बाद करायच्या नजरेनेच वाचतो. उलटंही होतं. एचआरची चूक शोधायला बसवलंय असं वाटलं, तर चुका उगाचच सापडतात. म्हणून ८० बाद झालेल्यांत २० असे मिसळा जे मागे चाळणीतून पास झाले होते. तेही ६०मधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलायचे. पोर्टलचा शिक्का, तारीख, नाव, फोटो, पत्ता झाका. १०० बायोडाट्यांना १ ते १०० क्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कुठून आला याची यादी तुमच्याजवळच ठेवा.

वाचणारे दोन जण हवेत, एकमेकांना न विचारता वाचणारे. प्रमुख बाईंनी ते ६० आधी वाचलेत, त्यांना काही ओळखू येतील, म्हणून दुसरा वाचक वेगळ्या सेक्शनचा घ्या. प्रश्न एकच ठेवा: "याला मुलाखतीला बोलावलं असतं का?" आणि हो म्हणायला काय लागतं, हे वाचायच्या आधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. वाचून झाल्यावर व्याख्या ठरवायला बसलात तर नमुन्यात जे निघालं त्याप्रमाणे व्याख्या वाकते.

एका बायोडाट्याला ३ मिनिटं धरली तर १०० चे ५ तास. दोन दुपारी. ८० हा आकडा तुमच्याकडच्या वेळेतून आलाय. ३०मध्ये एकही चांगला न सापडण्याची शक्यता बरीच राहते, आणि मग साहेब म्हणणार, "बघा, काही नव्हतं."

कुंकळ्ळी_एक्स्प्रेस

मी १२ वर्षं भरतीच्या धंद्यात आहे, हॉटेलांसाठी. मला हा सगळा खटाटोप पटत नाही. चाळणीचं काम सगळे चांगले पकडण्याचं नसतंच. ८ जागांना ४० चांगले मिळाले, म्हणजे एका जागेला ५. अजून ४० मिळाले असते तर त्यांच्या मुलाखती घेणार कोण? सीझनला वेटरच्या जागांसाठी आमच्याकडे एवढे अर्ज येतात की निम्मे चांगले हातचे गेले तरी काम अडत नाही.

शेवंती_फोंडा

कुंकळ्ळीभाऊ, वेटरच्या जागांबद्दल तुमचं बरोबर असेल. पण आमच्या ४ जागा रिकाम्या आहेत. त्यापायी लॅब दोन शिफ्टमध्ये ओढाताण करतेय आणि सॅम्पल तपासून बाहेर पडायला उशीर होतोय. दुसरं, चाळणी सगळ्यांना सारखंच हुकवत असती तर एक वेळ चाललं असतं. ठरावीक प्रकारचीच माणसं ती दर वेळी हुकवत असेल, तर दर जाहिरातीत आपण त्यांनाच हाकलतोय.

आकडेमोडदादा, तुम्ही सांगितलंत तसं करायची परवानगी मिळाली आहे. करून इथे लिहिते.

साखळीचा_सुभाष

वाट बघतोय. अवांतर: बाद झालेल्यांचे बायोडाटे किती दिवस ठेवायचे, यावर २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. ज्या कामासाठी घेतले ते संपल्यावर माहिती ठेवू नये अशी त्याची दिशा आहे. तपासणी करायची असेल तर ती भरती चालू असतानाच करा आणि अर्जाच्या पानावर तसं लिहून ठेवा. आमच्याकडे आयटीवाल्यांनी भरती बंद होताच सगळे बाद अर्ज पुसले. आता कोणी विचारलं तरी मोजायला काही उरलेलं नाही.

शेवंती_फोंडा

झालं एकदाचं. निकाल देते.

८० बाद अर्जांपैकी ६ जणांना दोन्ही वाचकांनी "बोलावलं असतं" असं म्हटलं. आणखी ५ बायोडाट्यांवर दोघांचं एकमत झालं नाही, ते मी सध्या मोजलेले नाहीत. मिसळलेल्या २० पास अर्जांपैकी १३ना दोघांनीही हो म्हटलं.

साहेबांना दाखवलं. ते खूश झाले. म्हणाले, "८०त ६ म्हणजे साडेसात टक्के. साडेब्याण्णव टक्के वेळा चाळणी बरोबर आहे. यापेक्षा काय हवं?" मला हे कुठेतरी खटकतंय, पण नेमकं काय चुकतंय ते त्यांच्यासमोर मांडता आलं नाही.

पिंपळकट्टा

साहेबांचं बरोबर आहे की. साडेब्याण्णव टक्के म्हणजे उत्तम.

आकडेमोड

इथेच बहुतेक जण फसतात, म्हणून सावकाश लिहितो.

साहेब जो आकडा सांगताहेत त्याचा प्रश्न असा आहे: बाद झालेल्या १००पैकी चांगले किती? उत्तर साडेसात. हा आकडा लहान येणारच, कारण अर्ज करणाऱ्यांत बहुतेक जण त्या कामाचे नसतातच. चाळणी न लावता कोणी नुसते अर्ज फाडत बसला, तरी त्याने फाडलेल्यांत बहुतेक बिनकामाचेच असतील. म्हणजे हा आकडा चाळणीबद्दल कमी आणि आलेल्या गर्दीबद्दल जास्त सांगतो.

तुमचा प्रश्न वेगळा आहे: जे चांगले होते, त्यांतले किती बाद झाले? त्यासाठी भागाकार वेगळ्या संख्येने करायचा. ५८०चे साडेसात टक्के म्हणजे सुमारे ४४. चाळणीतून पास होऊन चांगले ठरलेले ४०. म्हणजे आलेल्या अर्जांत चांगले एकूण ८४च्या आसपास होते आणि त्यांतले ४४ तुम्ही वाचलेच नाहीत. निम्म्याहून जास्त! ही तीच चाळणी, तेच ६ बायोडाटे. फक्त भागायचं कशाने, एवढाच फरक.

आता आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते. ८०मध्ये ६ सापडले, पण दुसरे ८० उचलले असते तर ३ किंवा १० निघू शकले असते. नेहमीच्या ९५ टक्क्यांच्या हिशेबाने खरं प्रमाण साडेतीन ते साडेपंधरा टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. ५८०वर तो आकडा २० ते ९० होतो. म्हणजे चांगल्यांपैकी बाद झालेले कमीत कमी एक तृतीयांश, जास्तीत जास्त दोन तृतीयांशाच्या जरा वर. पट्टा रुंद आहे, ते लपवू नका. पण साहेबांना सांगा, सगळ्यांत चांगली बाजू धरली तरी तीन चांगल्यांमागे एक हातचा जातोय.

आणि ते २०मध्ये १३ हेही महत्त्वाचं. मागे ६०मध्ये ४०, आता २०मध्ये १३, दोन्ही दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे या वेळी वाचकांचा हात सैल सुटलेला नाही. तो १९ आला असता तर मी ६वर विश्वास ठेवला नसता.

म्हापशाची_मिरची

आता कळलं. पण दादा, एकमत न झालेले ५ सोडून कसे द्यायचे? ते धरले तर ११ होतात.

आकडेमोड

सोडायचे नाहीत, वेगळे दाखवायचे. ६ हा कडक हिशेब, ११ हा सैल. सैल हिशेब धरायचा असेल तर पास झालेल्यांचाही सैलच धरा, एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला सैल नको. दोघांचं मत कशावर फुटलं ते मात्र बघा.

शेवंती_फोंडा

मत फुटलं ते ५ पैकी ४ ठिकाणी एकाच गोष्टीवर. अप्रेंटिसशिपचं वर्ष अनुभवात धरायचं की नाही? प्रमुख बाई म्हणतात, "धरायचं. त्या मुलांनी वर्षभर रोज एचपीएलसीवर सॅम्पलची इंजेक्शन दिलेली असतात." दुसरे वाचक म्हणतात, "अप्रेंटिसला कोणी सही करू देत नाही, मग डेटाची जबाबदारी त्याने घेतली कधी?" आमच्या कागदावर अनुभवाची व्याख्या होती, पण अप्रेंटिसचा उल्लेख नव्हता. अजून वाद चालूच आहे.

आता ते ६ कोण होते, ते सांगते. क्रमांकांची यादी उघडल्यावर मी प्रत्येक बायोडाटा पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून पाहिला.

तिघे फक्त पत्त्यामुळे गेले. एक बांद्याची मुलगी आहे, पिनकोड ४१६५११. एम.एस्सी., तीन वर्षं क्यूसीत, तीही वेर्ण्यातल्याच एका कारखान्यात! बाकीचे दोघे सावंतवाडी आणि दोडामार्गचे. आणखी दोघांच्या बायोडाट्यात `HPLC` हा शब्दच नव्हता. एकाने पूर्ण नाव लिहिलं होतं, हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी. दुसऱ्याने लिहिलं होतं की तो एम्पॉवर सॉफ्टवेअरवर काम करतो. लॅबमधल्या कोणालाही ते वाचून कळेल की हा रोज एचपीएलसीच चालवतो, पोर्टलला कळलं नाही. सहावा स्कॅन केलेला, आकडेमोडदादांनी सांगितला होता तसाच. पोर्टलवर त्याचा अनुभव शून्य दिसत होता.

पेडणेकर_पोरगा

मी सीमेजवळच राहतो. आमच्या बाजूच्या कितीतरी मुलांसाठी पणजीपेक्षा बांदा जवळ. पत्रादेवीच्या अलीकडे राहिलास तर गोंयकार आणि पलीकडे राहिलास तर अर्ज बाद? काणकोणच्या टोकाहून वेर्ण्याला येणाऱ्याला कोणी विचारत नाही रोज कसा येणार ते.

कुंकळ्ळी_एक्स्प्रेस

भावना समजतात, पण दुसरी बाजूही बघा. स्थानिकांना प्राधान्य द्या ही मागणी इथे खरी आहे आणि रास्त आहे. शिवाय लांबून येणारे वर्षभरात सोडतात, हा माझा अनुभव आहे. कंपनीच्या बस म्हापशापर्यंत जातात, पुढे त्यांनी काय करायचं? तिसऱ्या शिफ्टला तर विचारूच नका.

पेडणेकर_पोरगा

ती बांद्याची मुलगी तीन वर्षं वेर्ण्यातच टिकली आहे ना?

आकडेमोड

यात मोजमापाचाही एक प्रश्न आहे, त्यापुरतं बोलतो. पत्त्याची अट हे कंपनीचं ठरलेलं धोरण असेल, तर ते तिघे चुकीने बाद झाले असं म्हणता येणार नाही. ते जाणूनबुजून बाद केलेले आहेत. मग ६चे ३ होतात आणि सगळा हिशेब बदलतो. पण "लांबचे टिकत नाहीत" या अंदाजापोटी पिनकोड लावला असेल, तर तो अंदाज तपासता येतो. आधी घेतलेल्यांपैकी कोण किती दिवस टिकले याची नोंद एचआरकडे असतेच. शेवंतीताई, यातलं कोणतं खरं, हे साहेबांकडून लेखी घ्या. ती अट तुमच्याकडे आली कुठून?

शेवंती_फोंडा

विचारलं. कोणालाच आठवत नाही. जुन्या एका भरतीत प्रवासभत्त्याचा वाद झाला होता तेव्हा कोणीतरी पोर्टलवर ती घातली आणि पुढच्या प्रत्येक जाहिरातीत ती कॉपी होत आली. लेखी धोरण नाही. साहेबांनी आता ते वरच्यांना विचारायचं मान्य केलंय, तोपर्यंत मी दोन्ही हिशेब मांडणार आहे, ६चाही आणि ३चाही.

एक विचारायचं होतं. नमुन्यातले ३० जण पदवीच्या अटीवर बाद झाले होते, त्यांत एकही चांगला निघाला नाही. म्हणजे पदवीची अट निर्दोष, असं लिहू का?

आकडेमोड

नाही. ३०मध्ये शून्य सापडले म्हणजे प्रमाण शून्य, असं नव्हे. अशा वेळी ढोबळ नियम आहे: ३ला नमुन्याच्या संख्येने भागा. ३ भागिले ३०, म्हणजे खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. पदवीवर बाद झालेले एकूण किती?

शेवंती_फोंडा

२२०.

आकडेमोड

मग त्यांत २०-२२ चांगले लपलेले असणं अजून शक्य आहे. "सापडले नाहीत" एवढंच लिहा. आणि एक बघा: पोर्टल बाद होण्याचं कारण कसं नोंदवतं? बहुतेक ठिकाणी पहिली चुकलेली अट लागली की पुढचं तपासणं थांबतं. पदवीची अट पहिली असेल तर त्या २२०मध्ये पत्त्यावरही बाद झाले असते असे पुष्कळ असतील. अटी कोणत्या क्रमाने लावल्या यावर कारणांचा तक्ता बदलतो. प्रत्येक अट स्वतंत्रपणे लावून पुन्हा मोजल्याशिवाय कोणत्या अटीने किती नुकसान केलं हे सांगू नका.

डिचोलीकर

एवढं सगळं वाचून मुलाचा बायोडाटा उघडून पाहिला. फोटो काढून पीडीएफ केलेला आहे. आज रात्री बसून टाइप करून घेतो. धन्यवाद.

साखळीचा_सुभाष

काका, टाइप झाल्यावर पीडीएफमधल्या ओळीवर बोट दाबून अक्षरं निवडता येतात का ते पाहा. निवडता आली तर पोर्टलला वाचता येण्याची आशा.

म्हापशाची_मिरची

ताई, त्या सहांना बोलावलंत का? कागदावर चांगला दिसणारा लॅबमध्ये चांगला असतोच असं नाही.

शेवंती_फोंडा

सहाही जणांना फोन केले. दोघांना तोवर दुसरीकडे नोकरी लागली होती, एकाने उचललाच नाही. तिघे आले. लॅबची लेखी परीक्षा आणि क्रोमॅटोग्राम वाचायची चाचणी दोघे पास झाले, त्यांत बांद्याची मुलगी आहे. पत्त्याचं उत्तर वरून येईपर्यंत तिची ऑफर थांबली आहे, दुसऱ्याला दिली.

आकडेमोड

छान. पण तिघांतले दोन यावरून टक्केवारी काढू नका. आपण जे मोजलं ते "मुलाखतीला बोलावण्याजोगे बाद झाले किती" एवढंच. कामावर चांगले ठरले असते किती, ते यातून कळत नाही.

ते कळायचं असेल तर पुढच्या भरतीत एक करा. चाळणी लावायच्या आधीच दर १० अर्जांमागे १ चिठ्ठीने काढा आणि चाळणी काहीही म्हणो, तो बाकीच्यांत मिसळून लॅबकडे पाठवा. बाई वाचतील, चांगले वाटतील त्यांना बोलावतील, कोणालाच कळणार नाही की यातला कोण चाळणीत अडकला असता. उमेदवार ताजा असतो, तेव्हा फोनही उचलतो.

कुंकळ्ळी_एक्स्प्रेस

६४०मध्ये ६४ जास्तीचे वाचायचे? लॅब ऐकेल?

शेवंती_फोंडा

६४ नाही, त्यांतले काही एरवीही पास झालेच असते. ५८ धरा. प्रमुख बाईंना विचारलं, त्या तयार आहेत, फक्त त्यांची एक अट आहे: अप्रेंटिसच्या वर्षाचं काय करायचं ते आधी ठरवा. सोमवारी त्यासाठी बसतोय. इथे कोणाच्या लॅबमध्ये ते वर्ष अनुभवात धरतात का, आणि धरत असाल तर पूर्ण की अर्धं?

वास्कोची_वैशाली

आमच्याकडे अर्धं धरतात. का, ते विचारलं तर कोणी सांगत नाही.